सोडियम-आयन की लिथियम? प्रश्न उणे बारा अंशांतल्या एका डब्याचा आहे

हिमरेषा (धागाकर्ता)

मंडळी, बॅटरीतलं मला फारसं कळत नाही, गरजेपुरतं शिकलोय. आमचा चारपाच जणांचा गट डोंगरावर एक लहानसं हवामान-स्टेशन सांभाळतो. तापमान, वारा, बर्फाची उंची एवढंच मोजायचं आणि दर तासाला मोडेमवरून खाली पाठवायचं. सरासरी १२ वॉट लागतात, म्हणजे दिवसाला सुमारे २८८ वॉट-अवर. वर १०० वॉटचं सोलर पॅनल आहे आणि डब्यात १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम-आयर्न-फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरी. हिशोबाने सूर्य दिसला नाही तरी चार दिवस निघायला हवेत.

गेल्या हिवाळ्यात ती नवव्या दिवशी मेली. गंमत म्हणजे ते नऊच्या नऊ दिवस आकाश निरभ्र होतं. पॅनलवर लख्ख ऊन, कंट्रोलर जागा, पण बॅटरीत करंट शून्य. डब्यात सकाळी उणे १२ असायचं, आणि शून्याखाली बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, चार्जिंगच बंद करतं. दुपारी तासभर तापमान शून्याच्या वर जायचं, तेवढ्यात जे शिरेल ते शिरेल. भरल्या ताटावरून उपाशी उठावं तसं झालं.

आता जो तो सांगतो, सोडियम-आयन घे, थंडीत एकदम झकास. उणे ४० अंशांत ९० टक्के ऊर्जा देते अशी जाहिरातही वाचली. हे खरं का? किंमत, वजन, आयुष्य, सगळ्याच बाबतीत काय फरक पडतो? कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का?

तिरपागडा

लिथियमची जखम ताजी असताना त्यावर सोडियम चोळायला निघालात, यालाच म्हणतात जखमेवर मीठ.

स्पष्टवक्ता

सोडियमच्या भानगडीत पडू नका. एक, सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं हे शाळेत पाहिलंय. तुमच्या डब्यावर बर्फ वितळणार आणि मग बसा बोंबलत. दोन, सोडियम बॅटरी ३०० अंशांना तापवून ठेवावी लागते. डोंगरावर भट्टी लावणार का?

कार्बनकाका

स्पष्टवक्ते, तुमची दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त दुसऱ्या बॅटरीबद्दल. ३०० अंशांवर चालते ती सोडियम-सल्फर. तिच्यात वितळलेला सोडियम धातू असतो आणि ती कंटेनरएवढी मोठी असते. इथे विषय सोडियम-आयनचा आहे. तिच्यात सुटा धातू नसतो, लिथियम-आयनसारखेच आयन एका इलेक्ट्रोडमधून दुसऱ्यात ये-जा करतात. पाण्याने भडका वगैरे नाही. मात्र आतलं द्रावण तसंच ज्वालाग्राही असतं, त्यामुळे 'सोडियम आहे म्हणजे पेटतच नाही' हे विक्रेत्यांचं पालुपदही तितकंच चूक.

हिमरेषा, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आधी ते सोडवू. थंडीत बॅटरीतून वीज काढणं वेगळं आणि थंडीत बॅटरीत वीज भरणं वेगळं. तुम्ही वाचलेला ९० टक्क्यांचा दावा काढण्याचा आहे. तुमचं दुखणं भरण्याचं आहे. १२ वॉट म्हणजे जेमतेम एक अँपिअर. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीला तो करंट म्हणजे किस झाड की पत्ती. इतक्या संथ गतीने एलएफपीसुद्धा उणे १२ ला बहुतेक सगळं देऊन टाकते. तुमच्या बॅटरीने नऊ दिवस दिलंच की. तिला परत मिळालं नाही, म्हणून ती संपली.

मोगरा

वाचतेय. काका, हे भरणं आणि काढणं वेगळं का असतं? आयन तोच, रस्ता तोच, फक्त दिशा उलटी ना?

कार्बनकाका

मोगराताई, प्रश्न अगदी नेमका आहे.

चार्ज होताना लिथियमचा आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतो. द्रावणातून येताना तो एकटा नसतो, द्रावणाचे रेणू त्याला चिकटलेले असतात. अंगावर जाडजूड कोट घालून अरुंद दारातून आत जायचंय असं समजा. कोट दाराशी काढावा लागतो, आणि थंडीत बोटं आखडली की बटणं सुटत नाहीत. दारात गर्दी होते. बाहेर पडताना ही रांग लागत नाही असं नाही, पण तेव्हा नुकसान फारतर व्होल्टेज पडण्याचं. आत शिरताना गर्दी झाली तर ज्यांना दार मिळत नाही ते आयन दाराबाहेरच धातू होऊन बसतात. ग्राफाइटवर लिथियमचा मुलामा चढतो. त्यातला काही परत विरघळतो, काही कायमचा वाया जातो आणि वाईट नशीब असेल तर त्याचे काटे वाढून आतल्या आत शॉर्ट होतो. बीएमएस शून्याखाली चार्जिंग तोडतं ते याच भीतीने.

सोडियमचा आयन आकाराने मोठा आहे. त्यामुळे त्याचा भार पसरतो आणि द्रावणाच्या रेणूंवरची पकड सैल असते. म्हणजे कोटाला बटणंच कमी. दाराशी तो कोट पटकन काढतो. थंडीतल्या बऱ्या वागण्याचं एक मोठं कारण हे आहे.

ओहम

शून्याखाली चार्ज केलं की बॅटरी मेली, हा बागुलबुवा आहे. माझ्या व्हॅनमधल्या एलएफपीचा तापमान सेन्सर मी दोन हिवाळे चक्क काढून ठेवला होता. उणे ५, उणे ७ ला बिनधास्त चार्ज केली. काही झालं नाही.

कार्बनकाका

क्षमता मोजलीत?

ओहम

मोजायची काय, चालतेय की.

वीजवेडी

मी थोडा खेळ करून पाहिला आहे, आकडे देते. घरगुती प्रयोग आहे, प्रयोगशाळेचा आव नाही.

१८६५० आकाराचे दोन सेल घेतले, एक सोडियम-आयन आणि एक एलएफपी. दोघांवरही १.५ अँपिअर-अवर लिहिलेलं. डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला रात्रभर ठेवले, वायर दाराच्या रबराखालून बाहेर काढल्या. घाई करून चालत नाही, सेलचं पोट गार व्हायला वेळ लागतो. पहिल्या खेपेला मी दोनच तास ठेवले आणि आकडे इतके सुंदर आले की संशय आला. मग दोन्ही ०.७५ अँपिअरने रिकामे केले.

खोलीच्या तापमानाला सोडियमने ४.५ वॉट-अवर दिले होते, फ्रीजरमध्ये ३.७. एलएफपीने बाहेर ४.७ आणि आत ३.०. म्हणजे सोडियम ८२ टक्के, एलएफपी ६४.

एक सूचना: अँपिअर-अवर पाहू नका, वॉट-अवर पाहा. थंडीत व्होल्टेजही खाली बसतं, त्यामुळे नुसत्या अँपिअर-अवरवर दोन्ही सेल आहेत त्यापेक्षा बरे दिसतात. सोडियमचा माझा अँपिअर-अवरचा आकडा ८८ टक्के येत होता. जाहिरातीत कोणता छापतील ते सांगायला नको.

फ्रीजरमध्ये चार्ज करून पाहिलेलं नाही. आईने आत ठेवू दिलं हेच खूप.

तिरपागडा

आइस्क्रीम काढायला गेलेल्या माणसाच्या हाती सोडियम आलं असेल तर त्याचाही अनुभव लिहा.

अनामिक_प्रवासी

माझा मोबाइल डोंगरावर ४० टक्क्यांवरून अचानक बंद होतो. सोडियमचा मोबाइल कधी येईल? उत्तर लवकर द्या, पुढच्या महिन्यात घ्यायचाय.

वीजवेडी

प्रवासीदादा, थांबू नका, घेऊन टाका. माझा सोडियमचा १८६५० सेल ३७ ग्रॅमचा आहे आणि त्यात साडेचार वॉट-अवर मावतात. त्याच आकाराच्या चांगल्या निकेलवाल्या लिथियम सेलमध्ये १२ मावतात, वजन ४८ ग्रॅमच्या आसपास. तेवढाच वेळ चालणारा मोबाइल हवा असेल तर तो अडीचपट जाड होईल. खिशात कमी आणि भिंत बांधायला जास्त उपयोगी.

मोबाइल बंद पडतो तो व्होल्टेज क्षणभर खाली गेल्यामुळे. आतल्या खिशात ठेवा, झालं.

मोगरा

मग गाड्यांचं काय? आमच्या गाडीची रेंज हिवाळ्यात धाडकन उतरते.

कार्बनकाका

५० किलोवॉट-अवरचा पॅक धरा. २५० वॉट-अवर प्रतिकिलोच्या निकेल सेलने नुसते सेल २०० किलो होतात. १६० च्या सोडियमने ३१२. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये पहिली पिढी जाहीर केली ती १६० ची, २०२५ मध्ये नॅक्स्ट्रा आणली तिचा दावा १७५ चा. म्हणजे आता ती एलएफपीच्या दाराशी पोचली आहे, निकेलच्या नाही. छोटी रेंज आणि कडक थंडी असेल तिथे जमेल. शिवाय तुमची रेंज उतरते त्यात मोठा वाटा केबिन गरम करण्याचा असतो. तो सोडियमने कमी होत नाही.

अर्थसंकल्प

किंमतीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो. माझा धंदा कच्च्या मालाच्या भावांचा आहे, रसायनातलं काका सांगतील.

सोडियमचा सगळा गाजावाजा २०२२ मध्ये झाला, कारण त्या वर्षाअखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सुमारे ६ लाख युआनवर गेलं होतं. एलएफपीच्या एका किलोवॉट-अवरला साधारण ६०० ग्रॅम लिथियम कार्बोनेट लागतं. म्हणजे प्रत्येक किलोवॉट-अवरमागे नुसत्या लिथियमचे ३६० युआन. सोडियम कार्बोनेट तेव्हा टनाला दोन-तीन हजार युआन, म्हणजे हिशोबात धरायचीसुद्धा गरज नाही. साहजिकच सगळे सोडियमकडे धावले.

मग लिथियम कोसळलं. २०२५ च्या मध्यावर भाव ६० हजारांच्या आसपास होता. तेच ६०० ग्रॅम तेव्हा ३६ युआनचे झाले. एकेकाळी ३६० युआनची बचत होती, ती ३६ वर आली. ज्यांनी ३६० धरून कारखान्यांचे आराखडे काढले त्यांचं काय होणार? अमेरिकेतली सोडियम बॅटरी बनवणारी नॅट्रॉन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बंद पडली. स्वीडनच्या नॉर्थव्होल्टनेही सोडियम सेल जाहीर केला होता, ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली (तिची कारणं इतरही होती, सगळं सोडियमच्या माथी मारू नये).

स्पष्टवक्ता

म्हणजे मी म्हणत होतो तेच. सोडियम फसलं.

कार्बनकाका

फसलं नाही, घाई झाली. अर्थसंकल्प यांच्या हिशोबात एक भर घालतो. सोडियम सेलमध्ये लिथियम नाही एवढंच नाही, ऋण बाजूला तांब्याची पत्रीही लागत नाही, ॲल्युमिनियम चालतं. लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करून ते खाऊन टाकतं, सोडियम तसं करत नाही. ही बचत लिथियमच्या भावावर अवलंबून नाही.

पण उलट बाजूही आहे. सोडियम ग्राफाइटमध्ये नीट शिरत नाही, म्हणून तिथे हार्ड कार्बन वापरावा लागतो. नारळाच्या करवंटीपासूनही तो करतात. तो हलका आणि सच्छिद्र, म्हणून जागा जास्त खातो. परिणाम असा की तेवढ्याच वॉट-अवरसाठी पत्री, पडदा, द्रावण, डबा सगळंच जास्त लागतं. माल किलोला स्वस्त आणि किलोवॉट-अवरला महाग पडू शकतो. मी हार्ड कार्बनच्या कामात सात वर्षं घालवली आहेत. पहिल्याच चार्जमध्ये दहापंधरा टक्के सोडियम त्या कार्बनमध्ये अडकून बसायचं आणि आम्ही डोक्याला हात लावायचो.

उद्या लिथियम पुन्हा महाग झालं तर चित्र फिरेल. तोवर सोडियमचा हात लिथियमच्या भावाला वरून दाबून धरतो, तोही एक उपयोगच.

हिमरेषा

सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. पण मला एकच बॅटरी घ्यायची आहे, कारखाना काढायचा नाही :) काका, तुमच्या बोलण्यावरून घ्यावी असं वाटतं. पण एका मित्राचं म्हणणं, आहे त्याच बॅटरीला हीटर लाव, स्वस्तात काम होईल.

कार्बनकाका

मित्र शहाणा आहे. हिशोब करू.

तुमची बॅटरी ११ किलोच्या आसपास असेल. सेलला तापवायला किलोला एका अंशामागे साधारण एक किलोज्यूल लागतं. उणे १२ पासून अधिक ५ पर्यंत १७ अंश, म्हणजे १८७ किलोज्यूल, म्हणजे ५२ वॉट-अवर. गळती धरून ८० म्हणा. दिवसाच्या २८८ मध्ये ८० ची भर, १०० वॉटच्या पॅनलला निरभ्र दिवशी ती जड नाही. डब्याला आतून दोन इंच फोम लावला तर आणखी कमी. तेव्हा बहुतेक लोकांना मी हेच सांगेन: आधी फोम, मग हीटर, मग सोडियमचा विचार.

एक फट मात्र आहे. हीटर बॅटरीवर चालवला आणि बॅटरीच संपली, तर हीटर चालणार नाही. हीटर चालत नाही म्हणून बॅटरी गार, गार म्हणून चार्ज नाही. हे कुलूप आतून लागतं. चार दिवस हिमवादळ झालं आणि बॅटरी झोपली की ऊन पडूनही ती उठत नाही. म्हणून हीटर थेट पॅनलवर जोडायचा, थर्मोस्टॅट मध्ये घालून. ऊन आलं की आधी डबा तापेल, मग चार्जिंग उघडेल.

सोडियम इथे मात करते ती याच एका गोष्टीत. मेलेली, गारठलेली, उणे १२ ला पडलेली बॅटरी ऊन पडताक्षणी घ्यायला लागते. मध्ये कुणी लागत नाही.

ओहम

मोजली. लाज वाटतेय पण सांगतो. १०० अँपिअर-अवरची होती, काल पूर्ण भरून रिकामी केली तर ८३ भरली.

मोगरा

ओहम, प्रामाणिकपणाबद्दल +१.

कार्बनकाका

ओहम, हे सगळं मुलाम्याचंच पाप असं मी म्हणणार नाही. वयाने आणि उन्हाळ्यातल्या उष्णतेनेही क्षमता जाते. मुलामा चढतोय का हे पाहायची एक खूण आहे. गार बॅटरीचं चार्जिंग थांबवा आणि तासभर व्होल्टेज बघत बसा. नेहमी ते सरळ ओघाने खाली येतं. मुलामा चढला असेल तर मध्येच थोडा वेळ थबकतं, जणू पायरी लागली, आणि मग पुन्हा घसरतं. त्या थबकण्यात बाहेर बसलेला धातू हळूहळू आत शिरत असतो.

ओहम

पण काका, करंट अगदीच कमी असेल तर? कोटाची बटणं सोडायला भरपूर वेळ दिला तर एलएफपीही शून्याखाली चार्ज होईल ना? काही डेटाशीटमध्ये उणे तापमानाला अगदी लहान करंट चालतो असं लिहिलेलं मी पाहिलंय. हिमरेषा यांचं पॅनल तर सहासात अँपिअरच देतं.

कार्बनकाका

तत्त्वतः बरोबर. मुलामा चढणं करंट आणि तापमान दोन्हींवर ठरतं. पण किती कमी म्हणजे कमी, हे सेलागणिक बदलतं आणि जुना सेल नव्यापेक्षा लवकर चुकतो. मी माझ्या बॅटरीवर करणार नाही. तुम्ही करून ८३ वर आलात.

आणि आता उलट बाजूने स्वतःलाच टोकतो, नाहीतर सोडियमची आरती होईल. हार्ड कार्बनमध्येही सोडियम शेवटीशेवटी भरताना व्होल्टेज सोडियम धातूच्या अगदी जवळ येतं. म्हणजे सोडियमचाही मुलामा चढू शकतो. 'सोडियमला थंडीत काही होत नाही' हे खोटं आहे. चांगल्या डेटाशीटमध्ये उणे १० किंवा उणे २० पर्यंत चार्जिंगला परवानगी असते, पण करंट छाटलेला. हिमरेषांचं नशीब असं की १०० अँपिअर-अवरला ७ अँपिअर म्हणजे क्षमतेच्या ०.०७ पट. एवढा संथ करंट सोडियमसाठी आरामाचा आहे. हीच बॅटरी गाडीत उणे १५ ला अर्ध्या तासात भरायची म्हटली असती तर मी एवढा निवांत बोललो नसतो.

वीजवेडी

मुख्य अडचण कुणी सांगितली नाही अजून. हिमरेषा, सोडियमचं व्होल्टेज फार पळतं हो. एलएफपी सेल ३.२ वर ठाण मांडून बसतो. सोडियम भरलेला असताना ४ च्या जवळ आणि रिकामा होताना १.५ पर्यंत उतरतो. चार सेल एकापुढे एक जोडले की १६ पासून ६ व्होल्टपर्यंतची घसरगुंडी. तुमचा नोंदी ठेवणारा लॉगर आणि मोडेम किती व्होल्टला बंद पडतात?

मी एक चूक केली होती ती सांगते, कुणी करू नये. पहिला सोडियम सेल १.५ पर्यंत रिकामा करून साध्या लिथियम चार्जरमध्ये घातला. चार्जर म्हणाला सेल खराब आहे. म्हटलं, हरकत नाही, दुसऱ्या पद्धतीने थोडा वर आणला आणि परत घातला. आता चार्जर खूश, आणि तो निघाला थेट ४.२ कडे. माझ्या सेलची मर्यादा ४.० ची. बरं झालं मी समोर बसले होते. दोघं दिसायला जुळे, म्हणून मी सोडियमवर लाल टेप गुंडाळते.

हिमरेषा

लॉगरवर ९.६ ते १६ व्होल्ट लिहिलंय. मोडेम ९ पर्यंत तग धरतो.

वीजवेडी

मग सुटलात. ९.६ म्हणजे सेलमागे २.४. माझ्या सेलमध्ये २.४ च्या खाली साधारण आठवा हिस्सा उरतो. तेवढा सोडून द्या. इन्व्हर्टरवाल्यांची पंचाईत जास्त, पुष्कळ इन्व्हर्टर ११ च्या आसपासच हात वर करतात.

वरच्या टोकाला तुमचा कंट्रोलर किती चढतो ते पाहा. पुष्कळ कंट्रोलर १५ च्या पुढे जाऊच देत नाहीत, त्यामुळे बॅटरी काठोकाठ भरणार नाही.

कार्बनकाका

आणि ते चांगलंच आहे. शेवटचा भाग मुलाम्याच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचा, हे वर म्हटलंच. कंट्रोलर १५ ला थांबला तर तो भाग आपोआप टळतो. थोडी मोठी बॅटरी घ्या आणि विसरून जा.

घसरगुंडीचा एक फायदाही आहे. एलएफपीत व्होल्टेज पाहून किती उरली ते कळतच नाही, ७० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळपास तोच आकडा. सोडियममध्ये व्होल्टेज हीच मोजपट्टी. तुमचा लॉगर व्होल्टेज पाठवतच असेल, खाली बसल्या जागी कळेल.

स्पष्टवक्ता

एक शंका, खरीच. ही पूर्ण शून्य व्होल्टला नेली तरी चालते असं वाचलं. मग बीएमएस कशाला?

कार्बनकाका

या वेळी बरंचसं बरोबर. लिथियम सेल फार खाली गेला की तांब्याची पत्री विरघळायला लागते. सोडियममध्ये दोन्हीकडे ॲल्युमिनियम, त्यामुळे तो धोका नाही. फॅरेडियन या ब्रिटिश सोडियम-आयन कंपनीने शून्य व्होल्टला वाहतूक करता येते असं दाखवलंही होतं. पण शून्यावर ठेवून पाठवणं वेगळं आणि रोज शून्यापर्यंत पिळणं वेगळं. पुष्कळ उत्पादक १.५ च्या खाली जाऊ नका असंच लिहितात. त्यातून चार सेल सारखे रिकामे होत नाहीत, एक आधी संपतो आणि बाकीचे त्याला उलटा ढकलतात. शिवाय वरची मर्यादा आहेच. बीएमएस हवंच.

ओहम

रोज शून्यापर्यंत नेणारा एक जण मला माहीत आहे, त्याचं वर्षभर ठीक चाललंय.

कार्बनकाका

मोजलीय का त्याने?

तिरपागडा

धाग्याचं नाव बदलून 'मोजलीय का?' ठेवावं.

अर्थसंकल्प

सोडियम खरोखर कुठे जाणार, तर हिमरेषांच्या डब्याच्या मोठ्या भावांत. चीनमध्ये हुबेई प्रांतात डाटांग या वीज कंपनीच्या सोडियम-आयन साठवण प्रकल्पाचा पहिला टप्पा जून २०२४ मध्ये सुरू झाला, ५० मेगावॉट, १०० मेगावॉट-अवर. जमिनीवर ठेवायची वस्तू, वजनाचं कुणाला काही नाही. ट्रक चालू करायची बॅटरी हे दुसरं ठिकाण, तिथे सामना लिथियमशी नसून शिशाच्या बॅटरीशी आहे.

हिमरेषा

धागा वर आणतोय, बातमी द्यायची होती.

फोम लावला, आणि सोडियमही घेतली. दोन्ही केलं, कारण वर चढायला दोन दिवस लागतात आणि तिसऱ्यांदा जायची तयारी कुणाची नव्हती. चार सेलांची, १२० अँपिअर-अवरची, १५ किलोची. एलएफपीपेक्षा महाग पडली. कंट्रोलर १५ व्होल्टलाच थांबतो, तसाच ठेवला. करंट ८ अँपिअरवर बांधला.

मागच्या आठवड्यात डब्यात उणे १४ होतं. पॅनलवर ऊन यायला पावणेनऊ वाजतात. खाली आलेल्या नोंदीत ८ वाजून ५० मिनिटांना करंट ४.१ अँपिअर, सव्वानऊला ६.३. मागच्या वर्षी याच वेळेच्या नोंदी काढून पाहिल्या, ओळीने शून्य.

एक घोळ: बॅटरीसोबत आलेलं टक्के दाखवणारं मीटर ठार वेडं आहे. काल दुपारी १०० टक्के, रात्री आठला ३४, पहाटे ६१. व्होल्टेज मात्र शहाण्यासारखं वागतंय.

वीजवेडी

ते मीटर एलएफपीच्या तक्त्यावर चालत असणार. त्यावर लाल टेप लावा.

ओहम

जुनी एलएफपी द्याल का? मला एक हवीच आहे.

हिमरेषा

वरच आहे. ११ किलो खाली कोण आणणार होतं? तुम्ही चढणार असाल तर डब्याची किल्ली देतो.